माझ्या नवऱ्याचा पगार किती? वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्याइतका.

परवा एका नातेवाइकांनी विचारलं, "जावईबापूंचा पगार किती आता?" मी म्हटलं, "सोळा हजार." हे शेजारीच बसले होते. चेहरा पडला. घरी आल्यावर म्हणाले, "नोव्हेंबरात बावन्न हजार आणले होते मी. ते नाही सांगितलंस."

खरं आहे. आणले होते. पण पगार सोळाच. का, ते जरा सविस्तर लिहिते. आमच्यासारखी घरं खूप आहेत. एकाचा पगार ठरलेला आणि दुसऱ्याचा "होईल तसा". इन्शुरन्सवाले, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, फ्लॅट विकणारे, डिलिव्हरीवाले, ओला-उबरवाले. सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी नाशिकमध्ये एका पतसंस्थेत कर्ज विभागाला आहे. हातात साडेअठरा हजार येतात, दर महिन्याला तेवढेच. हे टू-व्हीलरच्या शोरूममध्ये सेल्सला. फिक्स हातात बारा हजार. बाकी सगळा इन्सेंटिव्ह. ठरावीक गाड्यांच्या खाली गेलात तर जवळपास काहीच नाही. त्यावर गेलात तर प्रत्येक गाडीमागे ठरावीक रक्कम, आणि अजून वरचा टप्पा गाठला तर गाडीमागचा दर वाढतो. शिवाय फायनान्स आणि इन्शुरन्स शोरूममधूनच करून दिलं तर त्याचं थोडं वेगळं. हे सगळं पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आसपास जमा होतं.

गाड्या कधी विकल्या जातात हे मराठी माणसाला सांगायला नको. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. त्या दिवशी शोरूमबाहेर हार घालून गाड्या रांगेत उभ्या असतात आणि आमच्या घरी हे रात्री अकराला येतात. आणि पितृपक्षात? आषाढात? पौषात? गिऱ्हाईक येतं, टेस्ट राइड घेतं, कोटेशन घेतं आणि म्हणतं, "जरा चांगला दिवस बघून घेऊ." त्या महिन्यात माणूस तोच असतो, बोलणं तेच असतं, मेहनत उलट जास्त असते. कॅलेंडर बदललेलं असतं, एवढंच.

२०२५ मध्ये यांच्या खात्यात महिन्याला काय जमा झालं, ते पासबुकावरून उतरवून काढलं. गाडी कधी विकली ते नाही, पैसे कधी आले ते. हा फरक महत्त्वाचा आहे, पुढे कळेल.

जानेवारी १७,०००
फेब्रुवारी १६,०००
मार्च २१,०००
एप्रिल ३४,०००
मे ३३,०००
जून २७,०००
जुलै १९,०००
ऑगस्ट १५,५००
सप्टेंबर १६,५००
ऑक्टोबर २९,०००
नोव्हेंबर ५२,०००
डिसेंबर २४,०००

वर्षाचे झाले ३ लाख ४ हजार. बाराने भागलं की महिन्याला सव्वापंचवीस हजार आणि वर थोडे. त्यात माझे साडेअठरा मिळवले की घराचं उत्पन्न महिन्याला ४३,८००. आणि आमचा घरखर्च होता ४३,७००. कागदावर अगदी फिट्ट. शंभर रुपये शिल्लक!

मग असं कसं झालं की सप्टेंबरमध्ये मी माझ्या बांगड्या गहाण ठेवल्या? आणि त्याही माझ्या पतसंस्थेत नाही. लाज वाटली म्हणून दुसरीकडे.

सरासरीचा घोटाळा इथेच आहे. वरचे आकडे पुन्हा बघा. बारा महिन्यांपैकी किती महिने सरासरीच्या वर आहेत? फक्त पाच. सात महिने खालीच. एकट्या नोव्हेंबरनं सगळी सरासरी वर ओढून ठेवलीय. म्हणजे सरासरीवर घर चालवणं म्हणजे वर्षातले सात महिने तुटीत जगायचं असं आधीच ठरवणं.

आणि तूट कुठल्या क्रमानं येते, तेही बघायला हवं. जानेवारीपासून दर महिन्याची तूट-शिल्लक मी ओळीनं मांडत गेले. पहिल्या तीन महिन्यांत साडेएकवीस हजारांचा खड्डा. एप्रिल, मे, जूननं तो जवळपास भरला. मग जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. सप्टेंबरअखेर खड्डा २७,८०० चा! डिसेंबरअखेर पुन्हा वर, सोळाशे रुपये शिल्लक. वर्षाचा हिशेब बरोबर होता हो. पण घर वर्षाच्या हिशेबावर चालत नाही. दूधवाला, घरमालक आणि ईएमआय महिन्याला येतात. तो खड्डा कुणाच्या तरी पैशानं भरावा लागतो, आणि तो "कुणीतरी" व्याज घेतो. आमच्याकडे आधी क्रेडिट कार्ड होतं, महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी. मग ऑगस्टात ईएमआय बाऊन्स झाला. कर्ज देणाऱ्याचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा. मग बांगड्या.

"दिवाळीत येतीलच की" हे वाक्य आमच्या घरात वर्षभर ऐकू यायचं. आता गंमत बघा. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. दिवाळीच्या गाड्यांचा इन्सेंटिव्ह आला नोव्हेंबरच्या दहाला. म्हणजे दिवाळीचे पैसे दिवाळी संपल्यावर वीस दिवसांनी येतात. कपडे, फराळ, आकाशकंदील, भाऊबीज सगळं तोवर कार्डावर झालेलं असतं. नोव्हेंबरचे बावन्न हजार घरात आले तेव्हा त्यातले अर्धे आधीच खर्च झालेले होते.

मग आम्ही काय केलं? पद्धत साधी आहे.

वर्षातले सगळ्यात कमी तीन महिने घेतले. ऑगस्ट, फेब्रुवारी, सप्टेंबर. १५,५००, १६,००० आणि १६,५००. त्यांची सरासरी सोळा हजार. हा यांचा पगार. एकच सगळ्यात वाईट महिना का नाही? कारण एखादा महिना आजारपणानं किंवा अपघातानं अगदीच पडलेला असू शकतो, त्यावर घर आखलं तर विनाकारण आवळून घ्यावं लागतं. आणि तीनच का? कारण आमच्याकडे पडके महिने तीन-चार ठरलेले आहेत, पौष, आषाढ, पितृपक्ष. ते दरवर्षी येणारच. तीन महिने घेतले की आकडा नशिबाचा न राहता धंद्याचा होतो.

सोळा अधिक माझे साडेअठरा, झाले ३४,५००. दर महिन्याला टाळता न येणारा सगळा खर्च यातच बसला पाहिजे. भाडं, किराणा, शाळा, औषधं, पेट्रोल, वीज, ईएमआय. बसतोय का?

नव्हता बसत. आणि हाच या पद्धतीचा खरा फायदा आहे, कारण सरासरीवर तो बसत होता आणि आम्हाला फसवत होता.

४३,७०० मधून आधी दोन गोष्टी बाहेर काढल्या. एक, आरडीचे तीन हजार. माझ्यासारख्या कर्ज विभागातल्या बाईनं आरडी बंद करावी हे ऐकून आमच्या मॅनेजर साहेबांनी कपाळाला हात लावला. पण ती आरडी म्हणजे बचत नव्हतीच. दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या फीसाठी नाहीतर दिवाळीत मोडत होतो. दुसरं, रविवारचं बाहेर जाणं, हॉटेल, पोरांचे हट्ट यांचे अडीच हजार. उरले ३८,२००. अजून ३,७०० जास्त.

मग नोव्हेंबरच्या पैशातून फ्रिजच्या राहिलेल्या चार हप्त्यांचे १०,४०० एकदम भरून टाकले. महिन्याचे २,६०० सुटले. मोबाइलचे प्लॅन उतरवले, तीनशे. शेवटचे आठशे किराण्यातून काढले आणि तेच सगळ्यात जड गेले. त्यासाठी सासूबाईंशी दोन दिवस बोलणी चालली. बदाम आणि पॅकेटातले मसाले गेले, तेल-डाळीला हात लावला नाही. झाले ३४,५००. पर्सनल लोनचा ५,२०० चा हप्ता मात्र तसाच आहे. त्याबद्दल खाली बोलते, तो वेगळा राग आहे.

आता हे चालवायचं कसं? कारण कागदावर काहीही ठरवता येतं.

यांचे पैसे ज्या खात्यात येतात, त्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवलं आणि यूपीआय दुसऱ्या खात्याला जोडलं. दर महिन्याच्या ११ तारखेला त्यातून सोळा हजार घरखात्यात जातात. महिना बावन्नचा असो की पंधराचा, जातात सोळाच. जास्तीचे तिथेच राहतात, कमी पडले तर तिथूनच भरले जातात. म्हणजे शोरूम यांना वरखाली पगार देते, आणि हे खातं घराला ठरलेला पगार देतं. ईएमआयची तारीख ५ होती, ती लेखी विनंती करून १२ केली. पैसे दहाला येणार आणि हप्ता पाचला जाणार, तर चांगल्या महिन्यातही बाऊन्स होतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ऑगस्टचा दंड वाचला असता.

जास्तीच्या पैशांचा क्रम ठरवलाय आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटवलाय.

पहिल्यांदा उशी भरायची. किती? यांचा फिक्स बारा हजार कुठेही जात नाही. म्हणजे इन्सेंटिव्ह अगदी शून्य आला तरी घराला कमी पडतील चार हजार. असे तीन महिने सलग गेले तर बारा हजार. तेवढी उशी पुरे. "सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा" असं व्हिडिओत सांगतात ते ऐकून आम्ही कधी सुरुवातच केली नव्हती, कारण दोन लाख कुठून आणायचे? नोकरी गेली तर बारा हजारांनी काही होणार नाही, हे मला माहीत आहे. ती भीती वेगळी आहे, तिची तयारी वेगळी. ही उशी फक्त आषाढासाठी आहे.

दुसऱ्यांदा वर्षातून एकदाच येणारे खर्च. जूनची फी-पुस्तकं, मेडिक्लेम आणि गाडीचा विमा, गणपती-दिवाळी, लग्नाकार्यातले आहेर. आमचे मिळून ५४ हजार होतात. जुन्या बजेटमध्ये ही ओळच नव्हती! जणू दिवाळी दरवर्षी अचानक येते. आरडी मोडून जे भागायचं नाही ते कार्डावर जायचं, आणि कार्ड तुंबलं म्हणून पर्सनल लोन झालं. ते कर्ज कुठून आलं हे मला फार उशिरा कळलं, आणि मी कर्ज विभागात काम करते.

तिसऱ्यांदा रविवार. वर्षाला तीस हजारांपर्यंत, पण आले तरच. आणि मग उरलेलं पर्सनल लोनला. गेल्या वर्षीसारखंच वर्ष गेलं तर सोळाच्या वरचे एकूण १ लाख १२ हजार होतात. ५४ वर्षाच्या खर्चाला, ३० रविवारला, उरले २८ हजार. पहिल्यांदाच आमच्याकडे "उरले" हा शब्द आला.

आता यावर लोक म्हणतात, म्हणजे काय, कमावणाऱ्या माणसानं चांगल्या महिन्यात पण सुक्यानं जेवायचं? यांनीही हेच विचारलं होतं. मी म्हटलं, "अहो, चांगल्या महिन्यात खा की. पण चांगल्या महिन्याच्या भरवशावर हप्ता बांधू नका." या दोन्हींत फरक आहे. एप्रिलच्या चौतीस हजारांतून आम्ही सप्तशृंगीला जाऊन येऊ, हॉटेलात जेवू, ते त्या दिवशी संपतं. पण एप्रिलचा पगार बघून घेतलेला टीव्हीचा हप्ता ऑगस्टातही येतो. खर्च वरखाली झाला तर चालतो, बांधिलकी नाही. खालच्या महिन्याचा नियम फक्त बांधिलकीला आहे.

आणि खरं सांगायचं तर अडचण पैशाची कमी आणि मानाची जास्त होती. ज्या माणसानं धनत्रयोदशीला एका दिवसात एकवीस गाड्या दिल्या, त्याला बायकोनं सांगायचं की तुझा पगार सोळा हजार. दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. मग एक दिवस हे स्वतःच म्हणाले, "पितृपक्षात मला रात्री झोप लागत नाही, माहितेय तुला? टार्गेटची भीती नसते. घरी काय सांगू, त्याची असते." त्या दिवसापासून सोळा हजार हा अपमान राहिला नाही.

इथपर्यंत आमच्या घराचं झालं. आता घराबाहेरचं, कारण सगळं खापर बायकांच्या किराण्यावर फोडायचं मला मान्य नाही.

गेल्या वर्षीचा १५ ऑगस्ट आठवा. लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करू. ३ सप्टेंबरला कौन्सिलनं निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या टू-व्हीलरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. गिऱ्हाइकाला चांगलंच झालं, मी विरोधात नाही. पण १५ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर या पाच आठवड्यांत कुठल्या शहाण्या माणसानं गाडी घेतली असेल? त्यात ८ पासून पितृपक्ष. गणपतीला बुक झालेल्या गाड्यासुद्धा लोकांनी पुढे ढकलल्या. नवरात्र बसलं आणि मग गाड्या कमी पडल्या. सरकारच्या हिशेबात मागणी फक्त सरकली, कमी झाली नाही. बरोबर आहे. पण सेल्समनच्या घरात मधला महिना सरकत नाही, तो जगावा लागतो. माझ्या बांगड्या त्याच महिन्यातल्या आहेत.

दुसरं, कर्ज देणारे. आता मी माझ्याच टेबलाबद्दल बोलतेय, त्यामुळे जरा धाडस करते. आमचं पर्सनल लोन झालं २०२४ च्या डिसेंबरात. त्यांनी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं, जून ते नोव्हेंबर. त्यात दसरा-दिवाळीचा सगळा पैसा आला आणि पौष आलाच नाही. सरासरी काढली, हप्ता झेपतो म्हणाले, तीन दिवसांत पैसे खात्यात. हेच स्टेटमेंट बारा महिन्यांचं मागितलं असतं आणि खालचे तीन महिने बघितले असते, तर एवढं कर्ज मिळालंच नसतं. आणि आमचं भलं झालं असतं.

गंमत म्हणजे वरखाली उत्पन्नाला कर्ज कसं द्यायचं हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. पीककर्जाची परतफेड सुगीशी बांधलेली असते. ऊसवाल्याकडे आम्ही महिन्याचा हप्ता मागत नाही, कारखान्याचं बिल कधी निघतं ते विचारतो. शेतकऱ्याचा हंगाम आपल्याला दिसतो, कारण तो पावसाचा आहे. सेल्समनचा हंगाम तेवढाच ठरलेला आहे, तोही पंचांगात छापलेला. पण त्याच्याकडे सॅलरी स्लिप आहे ना, मग तो पगारदार! म्हणून त्याला बारा महिने सारखा हप्ता. खालच्या महिन्यावर हप्ता ठरवा आणि वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबरला, विनादंड जास्तीचे पैसे भरू द्या. कर्ज वेळेआधी फिटेल आणि बाऊन्सही होणार नाही. आमच्या पतसंस्थेत मी हे तोंडी मांडलंय. "बघू" म्हणालेत.

तिसरं, मालक. जाहिरातीत लिहितात "पगार २५ ते ५० हजार". त्यातले फिक्स किती, हे मुलाखतीच्या शेवटी कळतं. पीएफ फिक्सवर कापला जातो. इन्सेंटिव्ह कितीही येवो, म्हातारपणाचा हिशेब बारा हजारांवरच चाललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत कमिशन हे "वेतना"च्या व्याख्येबाहेरच आहे. पण असे बाहेरचे घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनात धरायचा असंही म्हटलंय. आमच्या नोव्हेंबरसारख्या महिन्यात प्रश्न नेमका हाच येतो. शोरूमवाले याचा काय अर्थ लावतात, ते पगारपत्रक बघितल्यावर कळेल. नोकरी बदलणाऱ्या पोरांना मात्र एवढंच सांगेन. "सरासरी किती मिळतात" विचारू नका. "मागच्या पितृपक्षात तुमच्या माणसाच्या हातात किती पडले" विचारा. उत्तर द्यायला जो चाचरतो, त्याच्याकडे जरा जपून.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्याही सांगते. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, फसवलं.

पहिली, खालच्या महिन्यात भाडं-किराणा-औषधंसुद्धा बसत नसतील, तर कितीही वह्या घाला, उपयोग नाही. तो बजेटचा प्रश्नच नाही, उत्पन्नाचा आहे. स्वस्त घर, फिक्स जास्त असलेली नोकरी किंवा दुसरी कमाई, यातलं काहीतरी करावंच लागेल. आमच्याकडे माझा ठरलेला पगार आहे म्हणून जमलं, हे मी विसरत नाही. दोघांचंही "होईल तसं" असेल तर दोघांचे खालचे महिने एकत्र येतात का ते बघा. दोघंही गाड्या किंवा फ्लॅट विकत असाल तर पितृपक्ष एकाच वेळी दोघांना लागतो.

दुसरी, जुने बारा महिने तेव्हाच कामाचे, जेव्हा कामाचे नियम तेच असतील. कंपनीनं टार्गेट वाढवलं किंवा टप्पे बदलले की आधीचे आकडे विसरा. नवीन नियमानं मागच्या वर्षीच्या गाड्या मोजा आणि सोळाचा आकडा पुन्हा काढा.

तिसरी, आकडा खाली घसरतोय हे कसं ओळखायचं? एक-दोन महिने उशीतून पैसे घेतले तर काही नाही, त्यासाठीच ती आहे. पण चांगल्या म्हणवणाऱ्या महिन्यातही घ्यावे लागले, किंवा मेअखेर उशी भरलेली नसेल, तर समजायचं की तुमचा खालचा महिना आता पूर्वीचा राहिला नाही.

यंदा तर आणखी एक आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. लग्नं नाहीत, मुहूर्त नाहीत. जावयाला वाण मिळेल, पण जावई गाडी घेणार नाही. म्हणजे गेल्या वर्षी जूनमध्ये आलेले सत्तावीस हजार यंदा धरायचे नाहीत, आणि निज ज्येष्ठ संपला की आषाढ. मी जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही पडके धरलेत. मुलीची शाळेची फी एप्रिल-मेच्या पैशातूनच बाजूला काढणार.

नोव्हेंबरच्या बावन्नमधून सोळा घराला गेले, फ्रिजचं मिटवलं, बांगड्या सोडवल्या, व्याज भरलं, आणि उशीला सात हजार राहिले. डिसेंबरात आणखी पडले. या महिन्यात पौषातल्या गाड्यांचे पैसे आले, एकूण १४,९००. मागच्या वर्षी हा आकडा बघून घरात कुणी जेवलं नसतं. ११ तारखेला घरखात्यात सोळा हजारच गेले. अकराशे उशीतून आले. उशीत अजून अकरा हजार आहेत.

संध्याकाळी हे नेहमीसारखे घरी आले, पोरीला घेऊन खाली खेळायला गेले. इन्सेंटिव्ह किती आला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुमच्या घरात असा "होईल तसा" पगार असेल तर आज फक्त एक करा. पासबुक काढा, बारा आकडे लिहा, खालचे तीन शोधा. आणि सांगा, तुमचा पगार किती?